रशियनमध्ये फॉर्मचं भाषांतर: तारखा, दशांश, पत्ते आणि संक्षेप कोणत्या क्रमानं हाताळायचे

बारावीनंतर वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या विद्यार्थ्याच्या फाइलीत साधारण चार-पाच कागद असतात: जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि विद्यापीठाचा अर्ज. या कागदांत वाक्यं फारशी नसतात. असतात ते आकडे, तारखा, पत्ते आणि ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘सही/-’ असले तुकडे. म्हणून उत्तम रशियन येणाऱ्यांचंही भाषांतर इथे चुकतं. व्याकरण पक्कं असतं, पण टिंब आणि स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतात.

रशियात नोटरीचं भाषांतर मूळ कागदाच्या प्रतीला दोऱ्यानं शिवलं जातं, पानांना क्रमांक पडतात आणि वर शिक्का बसतो. त्यानंतर एक टिंब बदलायचं म्हटलं तरी सगळं उसवून पुन्हा करावं लागतं. तेव्हा खालचे टप्पे शिवणीच्या आधी संपवायचे. क्रम बदलू नका. आकडे तारखांच्या आधी का घ्यायचे, त्याला कारण आहे आणि ते पुढे येईलच.

## तयारी: प्रत्येक आकड्याची जात ठरवा

मूळ कागदाची झेरॉक्स काढा आणि रंगीत पेनं घेऊन बसा. कागदावरचा प्रत्येक आकडा चारपैकी एका जातीचा असतो.

पहिली जात ओळखीची: पासपोर्ट क्रमांक, बैठक क्रमांक, दाखल्याचा नोंदणी क्रमांक, शाळेचा संकेतांक. हे भाषांतरात जसेच्या तसे जातात. पुढचं शून्य, मधली तिरकी रेघ, लॅटिन अक्षर, काहीही बदलायचं नाही. दुसरी जात मोजमापाची: गुण, टक्के, रक्कम, उंची, वजन. यांची लिहिण्याची पद्धत बदलते, किंमत बदलत नाही. तिसरी तारीख आणि चौथी पत्त्यातले आकडे. चार जातींना चार रंग द्या. बहुतेक गोंधळ एका जातीचा नियम दुसऱ्या जातीला लावल्यामुळे होतात. कुणी नोंदणी क्रमांकातल्या टिंबाचा स्वल्पविराम करतो, कुणी टक्क्यांतलं टिंब तसंच सोडतो.

मूळ कागद मराठीत आणि हातानं लिहिलेला असेल, तर आधी सगळे देवनागरी आकडे पेन्सिलीनं 1, 2, 3 असे लिहून घ्या. घाईत ४ चा 8 होतो आणि १ चा 9. रशियन फाइल उघडी असताना डोळा एका लिपीवरून दुसऱ्या लिपीवर उड्या मारतो, त्यामुळे हे काम टाइप करता करता होत नाही. जुन्या जन्मदाखल्यांत तारीख अक्षरीही दिलेली असते. आकडी आणि अक्षरी तारीख जुळते का, ते इथेच बघून घ्या. जुळत नसेल तर दोन्ही जशा आहेत तशा भाषांतरित करून खाली भाषांतरकाराची टीप द्यायची. आपल्या मनानं दुरुस्ती करायची नाही.

कीबोर्डच्या दोन गोष्टी. विंडोजच्या रशियन मांडणीत टिंब आणि स्वल्पविराम एकाच कळीवर, उजव्या शिफ्टशेजारी असतात. नुसती कळ दाबली की टिंब, शिफ्टसह दाबली की स्वल्पविराम. `№` हे चिन्ह शिफ्ट आणि 3 वर मिळतं. त्याऐवजी `No.` किंवा `#` लिहू नका.

सावधान: गुणपत्रिकेचा तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल, तर आकडे टाकण्यापूर्वी त्या रकान्यांचं स्वरूप ‘टेक्स्ट’ ठेवा. संगणकाची प्रादेशिक मांडणी रशियन असेल आणि तुम्ही `5.03` टाइप केलंत, तर एक्सेल त्याला पाच मार्च समजतो आणि आकडा तारखेत बदलून टाकतो. नंतर स्वरूप बदलून मूळ आकडा परत मिळत नाही.

## टप्पा १: मोजमापाचे आकडे

आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखांचे गट पाडतो आणि टिंब दशांश दाखवतं. रशियनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि गट पाडायला मोकळी जागा. एवढा नियम सगळ्यांना पाठ असतो, चूक होते ती अदलाबदलीच्या क्रमात.

आधी गटांचे स्वल्पविराम काढा, मगच दशांशाचं टिंब बदला. उलटं केलंत तर `1,25,000.50` चं `1,25,000,50` होतं आणि यातला कुठला स्वल्पविराम कशाचा, हे तुम्हालाही सांगता येत नाही. योग्य रूप `125 000,50`. लाख-कोटींचे गट मोडून तीन-तीन आकड्यांचे गट उजवीकडून पाडायचे. चार आकडी संख्येत जागा सोडत नाहीत: `1250`, `9800`. पाच आकड्यांपासून पुढे सोडतात: `12 500`.

गटाचा स्वल्पविराम राहून गेला तर काय होतं? उत्पन्नाच्या दाखल्यावर `9,800` असेल आणि ते तसंच रशियन पानावर गेलं, तर वाचणाऱ्याला ते नऊ पूर्णांक आठ दशांश वाटतं. आकडा चुकल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण रशियन डोळ्याला तो अगदी नेमका लिहिलेला दिसतो.

एक नमुना बघू. मूळ कागदांवर असं आहे:

```
एकूण गुण: 524/600
टक्के: 87.33
वार्षिक उत्पन्न: रु. 4,75,000/-
```

रशियनमध्ये:

```
Всего баллов: 524 из 600
Процент: 87,33 %
Годовой доход: 475 000 индийских рупий
```

इथे चार गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

टक्क्यांचे दोन दशांश दोनच राहिले. `87,3` केलं असतं तर ते भाषांतर राहिलं नसतं, तो हिशेब झाला असता. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या निकालपत्रावर पर्सेंटाइलचे सात दशांश छापलेले असतात, ते सातही लिहायचे.

`%` च्या आधी जागा आहे. मोजमापाच्या एककांसाठीचं रशियन मानक जागा सोडायला सांगतं, पण छापील पुस्तकांत जागा न सोडलेली पद्धतही दिसते. कागदपत्रांत जागा सोडावी, आणि एकदा सोडली की शेवटच्या पानापर्यंत सोडावी. एका पानावर `87,33 %` आणि दुसऱ्यावर `91%` हे दोन माणसांनी केलेलं काम वाटतं.

रकमेच्या शेवटचं `/-` गायब झालं. ती आपल्याकडची हिशेबाची खूण आहे, रशियन वाचकाला ती वजाबाकी वाटेल. आणि ‘रु.’ चं `р.` किंवा `руб.` कधीही करू नका, तो रूबल होतो. `рупий` हा शब्द पूर्ण लिहा. पहिल्या उल्लेखात `индийских` हे विशेषणही ठेवा, कारण रुपया पाकिस्तानचाही आहे आणि नेपाळचाही.

चौथी गोष्ट आकड्यामागच्या नामाची. रशियनमध्ये आकड्याचा शेवट नामाचं रूप ठरवतो. शेवटी 1 असेल तर `балл`, 2 ते 4 असेल तर `балла`, बाकी सगळ्यांना `баллов`. 11 ते 14 ला मात्र नेहमी `баллов`. म्हणून `81 балл`, `524 балла`, `75 баллов`, `412 баллов`. दशांश असला तर पूर्णांक कितीही असो, नाम षष्ठी एकवचनात: `8,4 балла`, `75,5 балла`. इथे शेवटच्या आकड्याकडे बघून `75,5 баллов` लिहिणारे फार. एकूण गुणांच्या ओळीत `524 из 600` लिहिलं की हा प्रश्न टळतो, पण खालच्या निकालाच्या वाक्यात तो पुन्हा उभा राहतोच.

एका ओळीत अनेक दशांश संख्या आल्या तर मध्ये अर्धविराम: `87,33; 91,5; 78,25`. स्वल्पविरामानं जोडलेली मालिका वाचता येत नाही.

तपासणी: वर्डच्या शोधपट्टीत पुढच्या दोन ओळी एकेक करून घाला. वाइल्डकार्डचा पर्याय बंद ठेवा.

```
^#.^#
^#,^#^#^#
```

पहिली ओळ दोन आकड्यांमध्ये राहिलेलं टिंब शोधते, दुसरी स्वल्पविरामानंतर तीन आकडे आलेली जागा. या वेळी तारखा अजून तिरक्या रेघेतच आहेत, त्यामुळे पहिला शोध फक्त दशांशावर आणि ओळखीच्या क्रमांकांवर थांबतो. तारखा आधी बदलल्या असत्या, तर प्रत्येक तारखेत दोनदा थांबावं लागलं असतं. आकडे आधी घेण्याचं कारण हेच. प्रत्येक जागी झेरॉक्सवरचा रंग बघा आणि मगच हात लावा. ‘रिप्लेस ऑल’ इथे वापरायचं नाही.

## टप्पा २: तारखा

क्रमाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. भारतात आणि रशियात दोन्हीकडे दिवस, महिना, वर्ष हाच क्रम आहे. `05/03/2006` चं `05.03.2006` होतं. आकडी रूपात दिवस आणि महिना नेहमी दोन आकडी, वर्ष चार आकडी. `5.3.06` असं लिहू नका.

अपवाद संगणकावरून निघालेल्या कागदांचा. काही प्रयोगशाळांची यंत्रं आणि परदेशी सॉफ्टवेअर महिना आधी छापतात. वैद्यकीय अहवालावर `03/05/2024` दिसलं, तर त्याच कागदावर १२ पेक्षा मोठा आकडा असलेली दुसरी तारीख शोधा. `03/17/2024` सापडलं की क्रम कळला. काहीच सापडलं नाही, तर अंदाज न करता कागद देणाऱ्याला विचारा.

शब्दांतल्या तारखेची तीन रूपं लागतात. ती एकमेकांत मिसळू देऊ नका.

```
5 марта 2006 г.
«05» марта 2006 г.
март 2006 г.
```

पहिलं नेहमीचं रूप. दिवसाआधी शून्य नाही, महिना षष्ठीत आणि लहान अक्षरानं, वर्षानंतर `г.` हे `года` चं संक्षिप्त रूप. `5-го марта` असं लिहीत नाहीत. महिन्याचं नाव शब्दांत असलं की दिवसाला प्रत्यय लागत नाही.

दुसरं रूप छापील फॉर्मचं. तिथे अवतरणचिन्हांत दिवसाची रेघ, मग महिन्याची रेघ आणि पुढे बहुतेक वेळा `20__ г.` असं छापलेलं असतं. म्हणजे शतकाचे दोन आकडे आधीच दिलेले आहेत, तुम्ही फक्त शेवटचे दोन भरायचे. इथे पूर्ण वर्ष भरून `202024` करणारे अर्ज खरोखर येतात. मधल्या रेघेवर महिना शब्दांत आणि षष्ठीत लिहायचा, आकड्यात नाही.

तिसरं रूप दिवस नसलेल्या तारखेचं. बारावीच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष एवढंच असतं. दिवस नसला आणि रकान्यात नुसता महिना असला, तर तो प्रथमेत: `февраль 2024 г.` सवयीनं `февраля 2024 г.` लिहिलं की वाचणारा दिवस कुठे गेला ते शोधत बसतो.

जून आणि जुलै यांच्यात एका अक्षराचा फरक: `июня`, `июля`. आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या तारखा नेमक्या जूनमध्ये असतात, म्हणून दाखल्यांतली ही जागा दोनदा वाचा.

जन्मदाखल्यावरची अक्षरी तारीख सगळ्यांत जास्त चुकते. ‘पाच मार्च दोन हजार सहा’ चं रशियन असं:

```
пятое марта две тысячи шестого года
```

दिवस क्रमवाचक आणि नपुंसकलिंगी, महिना षष्ठीत, वर्षाचा फक्त शेवटचा शब्द क्रमवाचक आणि षष्ठीत. `две тысячи` बदलत नाही. वर्ष २००० असेल तर पूर्ण शब्दच बदलतो: `двухтысячного года`. वाक्यात ‘या दिवशी जन्म झाला’ असं असेल, तर दिवसही षष्ठीत जातो: `пятого марта`. रकाना असेल तर `пятое`, वाक्य असेल तर `пятого`, हे लक्षात ठेवलं की पुरे.

‘दि.’ हे अक्षर संदर्भ क्रमांकापुढे आलं की `от` होतं. ‘जा. क्र. 1234 दि. 12/6/2024’ चं `исх. № 1234 от 12.06.2024`. आणि मराठी कागदांतला एक जुना सापळा: ‘ता.’ म्हणजे तालुकाही आणि तारीखही. ‘ता. कराड’ आणि ‘ता. 5/3/2006’ एकाच दाखल्यावर दिसतील. पुढे नाव आहे की आकडा, हे बघूनच ठरवा.

शैक्षणिक वर्षात मात्र तिरकी रेघच हवी: `2023/24 учебный год`. जोडरेघ घातलीत तर ते दोन वर्षांच्या काळाचं वर्णन होतं, `2023–2024 гг.` सारखं, आणि विद्यार्थ्यानं बारावीला दोन वर्षं काढली असा अर्थ निघू शकतो.

तपासणी: सगळ्या जन्मतारखा एका कागदावर ओळीनं लिहून काढा: जन्मदाखला, सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, अर्ज. चारही ठिकाणी आकडे सारखे हवेत.

## टप्पा ३: पत्ता

पहिला प्रश्न विचारा: हा पत्ता कोण वाचणार? रशियन कार्यालयातला माणूस वाचणार असेल तर सिरिलिकमध्ये. रशियाहून भारतात पत्र यायचं असेल तर लॅटिनमध्ये, कारण ते पत्र शेवटी आपला पोस्टमन वाचणार आहे. कराडच्या पोस्टात `Карад` वाचणारं कुणी नाही. अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा मागितला असेल, तर तो लॅटिनमध्ये द्या आणि देशाचं नाव रशियनमध्येही लिहा. रकान्याखाली बारीक अक्षरात `латинскими буквами` अशी सूचना असेल, तर हा प्रश्न तिथेच सुटला.

दुसरा प्रश्न क्रमाचा. रशियन लिफाफ्यावर आज छोट्याकडून मोठ्याकडे जातात: नाव, रस्ता, घर, गाव, प्रदेश, देश, पिन. पण फॉर्ममध्ये आणि कायदेशीर कागदांत उलटा क्रम चालतो: पिन, देश, राज्य, शहर, रस्ता, घर, फ्लॅट. आपण फॉर्मबद्दल बोलतोय, म्हणून मोठ्याकडून छोट्याकडे.

नमुन्यासाठी हा काल्पनिक पत्ता घेऊ:

```
फ्लॅट नं. 12, बी विंग, श्री रेसिडेन्सी, स. नं. 23/2,
हनुमान मंदिराजवळ, शनिवार पेठ, मु. पो. कराड,
ता. कराड, जि. सातारा, महाराष्ट्र 415110
```

रशियन रूप:

```
415110, Индия, штат Махараштра, округ Сатара,
талука Карад, г. Карад, Шанивар Петх,
участок № 23/2, жилой дом «Шри Резиденси»,
корп. B (лат.), кв. 12 (рядом с храмом Ханумана)
```

शनिवार पेठेचं उच्चारानुसार लिप्यंतर केलं, अर्थ सांगितला नाही. पत्त्यातल्या नावाचं भाषांतर केलं तर ती जागा नकाशावर सापडत नाही. प्रशासकीय शब्दांचं मात्र भाषांतर होतं: राज्य `штат`, जिल्हा `округ`. तालुक्याला रशियन भूगोलात `талука` हाच शब्द चालतो. जिल्ह्याला एका कागदावर `округ` आणि दुसऱ्यावर `район` असं करू नका. दोन्ही शब्द समजतात, पण मग वाचणाऱ्याला वाटतं की हे दोन वेगळे भाग आहेत.

शहरांची रूढ रशियन रूपं असतील तर तीच घ्या: पुण्याचं `Пуна`, मुंबईचं `Мумбаи`, नाशिकचं `Насик`. आपल्या कानाला ती खटकतील, पण रशियन नकाशात तीच छापलेली असतात.

‘मु. पो.’ ला रशियन प्रतिशब्द नाही. गाव आणि टपाल कार्यालय एकच आहे एवढंच तो सांगतो, म्हणून शहराच्या पत्त्यात तो गळून पडतो. मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं असेल, तेव्हा दोन्ही द्यावे लागतात: `с.` पुढे गावाचं नाव, मग `почтовое отделение` पुढे पोस्टाचं नाव. सर्व्हे नंबर हा घर क्रमांक नाही. तो `Дом` या रकान्यात भरू नका, तिथे इमारतीचं नाव लिहा. घराला क्रमांकच नसेल, तर `б/н` म्हणजे ‘क्रमांकाशिवाय’. मंदिराजवळ, शाळेमागे असल्या खुणा ऑनलाइन अर्जात टाकायची गरज नाही, पण दाखल्याच्या भाषांतरात त्या गाळता येत नाहीत. म्हणून त्या शेवटी कंसात.

आता ‘बी विंग’. लॅटिन `B` आणि सिरिलिक `В` दिसायला एकच आहेत, पण सिरिलिक अक्षराचा उच्चार ‘व्ह’. कीबोर्ड रशियनवर असताना बोट चुकून त्या अक्षरावर गेलं की पत्ता बदलतो आणि पानावर कुणालाच ते दिसत नाही. म्हणून `(лат.)` ही खूण. हाच धोका बैठक क्रमांकातल्या `M` ला आणि पासपोर्टच्या पहिल्या अक्षराला आहे. तिथे तर संगणक क्रमांक ‘सापडत नाही’ म्हणून परत पाठवतो आणि माणूस तासभर तेच आकडे तपासत बसतो.

तपासणी: वर्डमध्ये संशयित अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून `Alt+X` दाबा. अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक येतो. `0042` आला तर लॅटिन बी, `0412` आला तर सिरिलिक. `004D` लॅटिन एम, `041C` सिरिलिक. पुन्हा `Alt+X` दाबलं की अक्षर परत येतं. अक्षराच्या आधी आकडा किंवा ए ते एफपैकी अक्षर चिकटून असेल, तर फक्त ते एकच अक्षर निवडून कळा दाबा.

सावधान: आपला पिनही सहा आकडी आणि रशियाचाही. मुंबईचे पिन 400 नं सुरू होतात आणि वोल्गोग्रादचेही. नागपूरच्या 440 ला रशियात पेन्झा शहर आहे, नाशिकच्या 422 ला तातारस्तान. ऑनलाइन अर्जात देश निवडण्याआधी पिन टाकलात, तर यंत्रणा खुशाल रशियन प्रदेश भरून मोकळी होऊ शकते. म्हणून आधी `Индия` निवडा, मग पिन, आणि जमा करण्यापूर्वी प्रदेशाचा रकाना पुन्हा वाचा.

## टप्पा ४: संक्षेप

मूळ कागदातला संक्षेप रशियन संक्षेपात बदलायची घाई करू नका. आधी तो मराठीत पूर्ण उलगडा, त्याचं रशियन करा आणि मग रूढ रशियन संक्षेप असेल तरच वापरा. ‘रा.’ म्हणजे राहणार, तर `проживающий по адресу`, मुलगी असेल तर `проживающая`. ‘इ. १२ वी’ चं `12-й класс`. `12-ый` नाही, क्रमवाचकाच्या शेवटी इथे एकच अक्षर लागतं. रोमन आकडा असेल तर काहीच लागत नाही: `XII класс`. बारावीच्या परीक्षेचं आणि मंडळाचं नाव पहिल्यांदा पूर्ण द्या. एचएससी ही अक्षरं सिरिलिकमध्ये लिहून कुणाला काही कळत नाही.

टिंबाचा नियम सोपा आहे. शब्द मध्येच तोडला तर टिंब लागतं: `ул.`, `кв.`, `корп.`, `обл.`, `тыс.` शब्दाचं पहिलं आणि शेवटचं टोक ठेवून मधलं काढलं, तर जोडरेघ येते आणि टिंब नाही: `р-н`, `г-н`, `пр-т`. मोजमापाच्या एककांना टिंब नाही: `кг`, `см`, `мин`. `млн` आणि `млрд` यांनाही नाही.

एकच अक्षर अनेक अर्थांनी येतं, तिथे शेजार बघावा लागतो. `г.` शहराच्या आधी आलं तर शहर, वर्षानंतर आलं तर वर्ष, टिंबाशिवाय आलं तर ग्रॅम. `д.` म्हणजे घरही आणि वाडीही. `с.` म्हणजे गावही आणि पानही. एकाच ओळीत दोन अर्थ आले, तर दोहोंपैकी एक शब्द पूर्ण लिहा. `д. Карве, д. 14` वाचून कुणालाही थांबावं लागेल, `деревня Карве, д. 14` वाचून नाही.

सही-शिक्क्यांची जागा वेगळी. ‘सही/-’ चं `/подпись/`, शिक्का उमटलेला असेल तर `/печать/` आणि त्यातला वाचता येणारा मजकूर भाषांतरित. इथे `М. П.` लिहू नका. ती अक्षरं कोऱ्या फॉर्मवर शिक्का कुठे मारायचा ती जागा दाखवतात. उमटलेल्या शिक्क्याला `М. П.` लिहिलं, तर मूळ कागदावर शिक्का नाहीच असं वाचलं जातं. रकान्यात ‘लागू नाही’ असेल तर `не применимо`, आणि मूळ रकाना कोरा असेल तर `/не заполнено/`. कोरा रकाना कोरा सोडला, तर भाषांतरकाराकडून ओळ राहिली असं वाटतं.

सावधान: कंपनीच्या नावापुढचं प्रा. लि. हे `ООО` नाही. तो रशियन कायद्यातला प्रकार आहे. नाव आणि प्रकार दोन्ही उच्चारानुसार लिहून अवतरणात ठेवा.

## टप्पा ५: मोकळ्या जागा आणि शेवटचं वाचन

आकडा एका ओळीत आणि त्याचं एकक दुसऱ्या ओळीत, असं होऊ नये म्हणून मध्ये न तुटणारी जागा घालतात. वर्डमध्ये `Ctrl+Shift+Space`. ती पुढच्या ठिकाणी हवी: हजारांच्या गटांत, `%` च्या आधी, `№` नंतर, दिवस आणि महिन्यामध्ये, वर्ष आणि `г.` मध्ये, `ул.` किंवा `г.` आणि नावामध्ये. खुणा दाखवणारं बटण दाबलं की ही जागा छोट्या वर्तुळासारखी दिसते आणि साधी जागा टिंबासारखी. `475` ओळीच्या शेवटी आणि `000` पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आलेलं भाषांतर फार दिसतं, ते या एका कळेनं टळतं.

वाक्य `г.` नं संपत असेल तर दोन टिंबं लागत नाहीत, एकच पुरतं.

शेवटचं वाचन एकट्यानं करू नका. एकानं मूळ कागदावरून आकडे मोठ्यानं म्हणायचे, दुसऱ्यानं रशियन पानावर बोट ठेवून ताडायचे. शब्द वाचायचे नाहीत, फक्त आकडे आणि लॅटिन अक्षरं. पहिल्या फेरीत ओळखीचे क्रमांक, एकेक आकडा सुटा म्हणत. दुसऱ्या फेरीत तारखा, तिसऱ्या फेरीत गुण आणि रकमा, चौथ्या फेरीत पत्त्यातले आकडे. एका फेरीत सगळं उरकलं तर जाती पुन्हा मिसळतात. झेरॉक्सवर प्रत्येक रंगीत आकड्यावर बरोबरची खूण पडली आणि बिनखुणेचा एकही उरला नाही, की कागद नोटरीकडे न्यायचे.